आईसह पाहावा असा ‘किल्ला’

पौगंडावस्थेतील मुलामुलींसोबत कोणता चित्रपट पाहावा, असे आमच्या कुंडल गावातील पालक विचारतात तेव्हा ‘शाळा’ आणि ‘फँड्री’ यांची नावे सहज निघतात. परंतु प्रारंभ करावयाचा तो अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’पासून, असे माझे आग्रही मत आहे. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी ज्याला स्फटिक अस्वलाचा पुरस्कार दिला, त्या या चित्रपटात पितृवियोगाने अबोल झालेला अकरा वर्षांचा चिन्मय, सरकारी नोकरीतील आईची बदली झाल्यामुळे, पुणे सोडून कोकणात येतो.

किल्ल्यावर पाऊस कोसळत असता सोबती निघून जातात आणि हा एकटा उरतो, तो प्रसंग संपताच चित्रपट थांबवावा, आणि ‘यातून काय शिकलास?’ हा घातक प्रश्न मात्र कटाक्षाने टाळावा. कारण तो ऐकताच मुलाच्या चेहऱ्यावर परीक्षेचा भाव येतो, उत्तरे एकाक्षरी होतात आणि संभाषण तिथेच आटोपते. त्याऐवजी आईविषयी बोलावे. अमृता सुभाष यांनी उभी केलेली ती बाई कचेरीत कोंडीत सापडलेली असते, घरी मुलगा रुसलेला असतो, आणि दोघेही आपापले दुःख एकमेकांपासून लपवतात. तेव्हा तिने त्याला कितपत सांगावयास हवे होते, हे मुलालाच विचारावे. मुले येथे बहुधा आईचा पक्ष घेत नाहीत.

‘फँड्री’ नंतर, थोड्या मोठ्या वयात दाखवावा: त्यातील जब्याने अखेरीस भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकावर येतो, आणि त्याविषयी बोलताना पालकाला स्वतःच्या गावातील जातीविषयी बोलणे चुकवता येत नाही.