पिनचा की आट्यांचा? बल्बचा फोटो कसा काढावा

मागच्या महिन्यात आमच्या शिवणकेंद्रातल्या एका मशीनचा बल्ब गेला. मशीनच्या डोक्यापाशी सुईवर उजेड पाडणारा असतो ना, तो छोटा बल्ब. शाळेच्या गणवेशांची शिलाई चालू होती आणि संध्याकाळी सातनंतर त्या मशीनवर काम होईना. गटातली एक ताई तालुक्याला गेली होती, तिला आम्ही फोन करून बल्ब आणायला सांगितला. दुकानदाराने तिला विचारलं, "पिनचा की आट्यांचा?" तिने आम्हाला विचारलं, आम्ही म्हणालो, "पिनचा." ती घेऊन आली तो घरातला नेहमीचा मोठा बल्ब. मशीनच्या होल्डरमध्ये तो शिरेचना.

चूक दुकानदाराची नव्हती आणि ताईचीही नव्हती. आपल्याकडे 'पिनचा बल्ब' म्हणजे घरातला नेहमीचा बल्ब, हेच सगळे धरून चालतात. पण त्याच घडणीचा लहान बल्बही मिळतो. शिवाय खरोखरच खाली दोन पाय असलेला तिसराच बल्ब असतो, त्यालाही पिनचाच म्हणतात. म्हणून नुसत्या शब्दावर न जाता फोटो पाठवावा. मात्र तो काचेचा नको, खालच्या धातूच्या टोपीचा हवा. बल्ब होल्डरमध्ये बसतो तो या टोपीमुळे.

टोपी ओळखायची कशी, ते आधी पाहू. बल्ब आडवा धरा. टोपीचा पत्रा गुळगुळीत असेल आणि त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन बारीक खुंट्या बाहेर आलेल्या असतील, तर तो आपला नेहमीचा बल्ब. तो आत दाबून थोडा फिरवला की अडकतो. बंदुकीच्या नळीला संगीन अशीच अडकवतात, म्हणून इंग्रजीत या टोपीला संगिनीचं, म्हणजे बायोनेट असं नाव पडलं. टोपीवर बाटलीच्या झाकणासारखे आटे असतील तर तो आट्यांचा बल्ब, तो फिरवत फिरवत बसवायचा. आणि रुंद टोपी नसून खालून नुसते दोन पाय निघाले असतील, तर तो पायांचा. दुकानातल्या शोकेसमध्ये किंवा छतात बसवलेल्या छोट्या दिव्यांत तो दिसतो.

आता फोटोत फसगत कुठे होते ते सांगतो. पहिली फसगत खुंट्यांची. बल्ब असा ठेवला गेला, की एक खुंटी कॅमेऱ्यासमोर आणि दुसरी मागे, तर फोटोत दोन्ही नीट दिसत नाहीत. समोरची खुंटी पत्र्यावरच्या डागासारखी वाटते. म्हणून बल्ब हळूहळू फिरवा आणि एक खुंटी डावीकडे, एक उजवीकडे अशी आली की मगच फोटो काढा.

दुसरी फसगत मापाची आणि ती जास्त मोठी. फोटोत लहान बल्ब आणि मोठा बल्ब सारखेच दिसतात. यावर सोपा उपाय म्हणजे दहा रुपयांचं नाणं. ते २७ मिलिमीटर रुंद असतं. टोपीला खेटून, टोपीच्याच उंचीवर नाणं धरा. कॅमेरा अगदी जवळ नेऊ नका, कारण जवळची वस्तू फुगून मोठी दिसते. हातभर लांबून सरळ समोरून फोटो काढा आणि मग तो मोठा करून पाहा. आट्यांची टोपी नाण्याएवढीच रुंद असेल तर ती मोठी, म्हणजे E27. नाण्याच्या साधारण निम्मी असेल तर ती लहान, म्हणजे E14. खुंट्यांची टोपी नाण्यापेक्षा थोडीच लहान असेल तर ती घरातली नेहमीची B22. निम्म्याहून किंचित जास्त असेल तर लहान B15. इंग्रजी अक्षर प्रकार सांगतं आणि पुढचा आकडा टोपीची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. हीच अक्षरं खोक्यावर आणि मोबाईलवरच्या दुकानातही दिसतात, त्यामुळे ती लिहून ठेवली की पुरे.

पायांच्या बल्बात मोजायचं असतं ते दोन पायांमधलं अंतर, एका पायाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. फोटोत नाण्याऐवजी पट्टी ठेवा. पाय जाड असतील, टोकाशी अळंबीसारखे फुगलेले असतील आणि अंतर १० मिलिमीटर असेल, तर तो GU10. पाय बारीक, सरळ आणि अंतर साधारण ५ मिलिमीटर असेल, तर तो बहुधा १२ व्होल्टवर चालणारा असतो आणि त्याच्यामागे वीज कमी करणारा वेगळा डबा जोडलेला असतो. या दोघांची अदलाबदल करून चालत नाही.

आता आमच्या मशीनकडे परत येऊ. दुसऱ्या वेळी आम्ही नाणं ठेवून, खुंट्या दाखवून फोटो पाठवला. या वेळी माप बरोबर आलं. पण विजेच्या दुकानात तसा बल्ब नव्हता, म्हणून ताईने गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात फोटो दाखवला आणि तिथे हुबेहूब तसाच बल्ब मिळाला. बसवायच्या आधी आम्ही जुना आणि नवा शेजारी शेजारी उलटे धरले. जुन्याच्या बुडाशी शिशाचे दोन ठिपके होते, नव्याच्या बुडाशी मधोमध एकच. निरखून पाहिलं तर नव्यावर 12V छापलेलं होतं. तो गाडीच्या बॅटरीवर चालणारा बल्ब होता. घरातल्या २३० व्होल्टवर लावला असता तर क्षणात जळाला असता, कदाचित फुटलाही असता.

म्हणून तीन फोटो पाठवायचे. पहिला बाजूने, नाण्यासह. दुसरा बुडाचा, ठिपके दिसतील असा. खुंट्यांच्या घरगुती बल्बाला दोन ठिपके असतात, आट्यांच्या बल्बाला मधोमध एक. तिसरा फोटो छापलेल्या अक्षरांचा, म्हणजे व्होल्ट आणि वॅट यांचा. आमच्या जुन्या बल्बवर 230V 15W होतं. अक्षरं पुसट असतील तर बल्ब पुसून, उजेड एका बाजूने पडेल असा धरा.

फोटोतून कळत नाही असं एक उरतं, ते म्हणजे जागा. टोपी जुळली तरी नवा बल्ब लांब किंवा जाड असला तर मशीनच्या दिव्याच्या झाकणात मावत नाही. एलईडी घेताना हे हमखास होतं. म्हणून जुन्या बल्बची पूर्ण लांबी पट्टीने मोजून फोटोबरोबर लिहून पाठवा. दिव्याच्या झाकणावर जास्तीत जास्त किती वॅट चालतील ते लिहिलेलं असेल, तर त्याहून मोठा बल्ब घेऊ नका.

आणि हे सगळं करण्याआधी मशीनची पिन बोर्डातून काढा. घरातला बल्ब असेल तर नुसतं बटण बंद करून थांबू नका, मेन स्विच बंद करा आणि बल्ब गार होऊ द्या. खुंट्यांचा बल्ब काढताना आत दाबून डावीकडे फिरवावा लागतो, नुसता ओढला तर काच हातात येते आणि टोपी आतच राहते.

तिसऱ्या खेपेला बरोबर बल्ब आला. जुना आम्ही फेकला नाही. चिंधीत गुंडाळून मशीनच्या खणात ठेवला आहे, वर चिठ्ठी लावली आहे: B15, दोन ठिपके, 230V, 15W. पुढच्या वेळी तालुक्याला जाणारी ताई तोच पिशवीत टाकून नेईल.