कॅम्पसची 'रिटन' दिली, आठवडा गेला, मेल नाही. रिक्रूटरला पहिला मेल कसा लिहायचा?

कॅम्पस प्लेसमेंटची परीक्षा आता कॉम्प्युटरवर होते, तरी मुलं तिला 'रिटन'च म्हणतात. ती देऊन आल्यावर दोन-चार दिवस शांततेत जातात. मग घरून विचारणा सुरू होते, क्लासच्या ग्रुपवर कुणाला तरी मेल आल्याची बातमी फिरते, आणि आपण फोन हातात घेऊन कंपनीच्या एचआरला मेल लिहायला बसतो. बहुतेक फ्रेशर्सचा हा आयुष्यातला पहिला ऑफिशियल मेल असतो. बऱ्याचदा त्याला उत्तर येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

गोष्ट २०१८ची आहे. मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मिरा रोडच्या पेणकरपाड्यात राहत होते. शनिवारी, ८ सप्टेंबरला, दुसऱ्या एका कॉलेजात पूल कॅम्पस होता. परीक्षा संपल्यावर 'आठवड्याभरात कळवू' असं सांगितलं गेलं. मला एक दिवसही धीर निघाला नाही. रविवारी रात्री पावणेबाराला मी मेल पाठवला. विषयाच्या जागी फक्त 'क्वेरी' असा एक शब्द. आत लिहिलं होतं की पेपर खूप चांगला गेला, मला ही नोकरी मनापासून हवी आहे, कृपया मी पास झाले का ते सांगा. खाली फक्त नाव.

उत्तर का आलं नाही, ते पुढे प्लेसमेंट सेलमध्ये काम करताना समजलं.

रिक्रूटरच्या टेबलावर काय असतं?

परीक्षा बहुतेक वेळा कंपनी स्वतः घेत नाही, टेस्ट घेणारी वेगळी संस्था असते. तिच्याकडून गुणांची एक्सेल शीट येते. त्यात प्रत्येक विभागाचा वेगळा कट-ऑफ लागू शकतो. एकूण गुण चांगले असूनही फक्त कोडिंगमध्ये किंवा फक्त इंग्रजीत मागे पडलेला उमेदवार बाहेर जातो तो त्यामुळे. मग इंटरव्ह्यू घेणारे इंजिनीअर कोणत्या दिवशी मोकळे आहेत ते बघावं लागतं, आणि जागा किती भरायच्या हे वरून ठरतं. तोपर्यंत यादी पक्की नसते. म्हणजे 'मी पास झाले का' या प्रश्नाचं उत्तर त्या क्षणी रिक्रूटरकडेही नसतं. असलं तरी कॉलेजला यादी जाण्याआधी ते एकाच मुलीला सांगता येत नाही.

दुसरी अडचण साधी आहे. त्या शीटमध्ये माणूस नावाने शोधत नाहीत, रजिस्ट्रेशन नंबरने शोधतात. एका पूल कॅम्पसला अनेक कॉलेजं असतात आणि एकाच नावाची तीन-तीन मुलं असतात. माझ्या मेलमध्ये नंबर नव्हता, कॉलेज नव्हतं, परीक्षेची तारीख नव्हती. मला उत्तर द्यायचं तर आधी मला शोधावं लागलं असतं, आणि तेवढा वेळ कुणी काढत नाही.

मात्र तीन गोष्टी रिक्रूटर सहज सांगू शकते: पुढची फेरी साधारण कधी आहे, ती कशी होणार आहे, आणि आपली नोंद यादीत नीट आहे का. पहिल्या मेलमध्ये विचारायचं ते यातलंच.

मग दुसरा मेल

१३ सप्टेंबरला गणपती बसले, आठवडा सुट्ट्यांत गेला. सोमवारी, २४ तारखेला, कॉलेज सुरू झालं तेव्हा नोटीस बोर्डावर दुसऱ्या कंपनीचं नाव होतं. ड्राइव्ह २८ला, नोंदणी २५च्या संध्याकाळपर्यंत. आमच्याकडे नियम असा होता की नोंदणी करून न आलेल्याला पुढच्या दोन कंपन्यांना बसू देत नसत, आणि एक ऑफर मिळाली की विद्यार्थी बाहेर. त्यामुळे पहिल्या कंपनीचं काय चाललंय हे कळणं गरजेचं झालं.

मी आधी टीपीओ सरांकडे गेले. हे खरं तर पहिल्या वेळीच करायला हवं होतं. काही कॉलेजांत विद्यार्थ्याने थेट कंपनीला लिहायलाच बंदी असते, आणि बऱ्याचदा उत्तर टीपीओंच्या मेलमध्ये आधीच पडलेलं असतं. सर म्हणाले, "मला दुसऱ्या मुलांची यादी आलीये, त्यात तुझं नाव नाही. पण नापासांची यादी कंपनी पाठवत नाही. लिही तू, मला सीसीत ठेव."

मेल इंग्रजीतच गेला. मराठीत त्याचा आशय असा होता:

विषय: ८ सप्टेंबरची लेखी परीक्षा, रजिस्ट्रेशन नंबर अमुक, पुढच्या फेरीबाबत

'मॅडम, मी अमुक कॉलेजची कॉम्प्युटर शाखेची विद्यार्थिनी. ८ सप्टेंबरला सकाळच्या बॅचमध्ये तुमच्या कंपनीची परीक्षा दिली. आठवड्याभरात कळवू असं सांगितलं होतं. मला अजून मेल आलेला नाही. माझी नोंद आणि संपर्काचा तपशील बरोबर आहे का, आणि पुढची फेरी कधी आहे, एवढं कळवाल का? आमचे टीपीओ सर सीसीत आहेत.'

खाली नाव, नंबर, मोबाइल. सहा वाक्यं. मार्कशीट नाही, आधार कार्ड नाही, 'ही माझी ड्रीम कंपनी आहे' नाही. कागद मागितले नसतील तर जोडायचे नाहीत.

पाठवायचा कुठे, हाही प्रश्न असतो. हॉल तिकीट `no-reply` पासून सुरू होणाऱ्या पत्त्यावरून आलं असेल, तर त्याला 'रिप्लाय' केलेलं कुणी वाचत नाही. त्याच मेलच्या तळाशी संपर्काचा पत्ता असतो, तो घ्यायचा. कुणा माणसाच्या पत्त्यावरून मेल आला असेल, तर त्याच मेलवर उत्तर द्यायचं, म्हणजे मागचा संदर्भ समोर राहतो. फक्त `Reply all` दाबू नका. त्या मेलवर शंभर मुलं असू शकतात. आणि `@` नंतरचं नाव कंपनीचंच आहे का ते बघा. उत्तरादाखल कुणी 'इंटरव्ह्यूसाठी डिपॉझिट' मागत असेल, तर तो रिक्रूटर नव्हेच.

किती दिवसांनी लिहायचं? कंपनीने दिलेली मुदत उलटल्यावर दोन कामाचे दिवस थांबा. मुदत दिलीच नसेल तर साधारण दहा दिवस. स्पॅम फोल्डर आणि कंपनीच्या पोर्टलवरचं स्टेटस आधी बघा. उत्तर नाही आलं तर आठवड्याने त्याच मेलवर एकदा आठवण करा, पुढचं टीपीओंवर सोडा.

उत्तरात काय होतं?

उत्तर त्याच दुपारी आलं, दोन ओळींचं. इंटरव्ह्यूचा मेल मला १८ तारखेलाच पाठवला होता, शनिवारी २२ला मला बोलावलं होतं आणि मी 'गैरहजर' होते. नोंदणीच्या फॉर्ममध्ये मी पत्ता `gmail.com` ऐवजी `gmail.con` असा भरला होता. हॉल तिकीट कॉलेजमार्फत मिळालं, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. सरांना आलेली यादी तर फक्त आमच्या कॉलेजात बोलावलेल्या मुलांची होती. नोंदणीनंतर पोचपावतीचा मेल यायला हवा होता, तो आला नव्हता. खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती.

मॅडमनी मला २७ तारखेच्या यादीत टाकलं. सरांना मेल दाखवला, ते म्हणाले, "२८चीही नोंदणी कर. निवड झाली तर नाव मी काढून घेईन."

२७ला डेटाबेसच्या प्रश्नांत मी अडकले आणि निवड झाली नाही. २८च्या कंपनीचा फॉर्म भरताना ई-मेलचा रकाना मैत्रिणीला मोठ्याने वाचायला लावला होता.