कॉन्व्हेक्सिटीपुढचं उणे चिन्ह: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाँडच्या किमतीवरचा गृहपाठ तपासताना एक चूक वारंवार दिसते. परवा एका विद्यार्थिनीच्या उत्तरातही ती होती. टीचिंग असिस्टंट म्हणून मी तिला ईमेलने कळवलं, "तुझी ड्युरेशन बरोबर आहे, कॉन्व्हेक्सिटीही बरोबर आहे. फक्त दुसऱ्या पदाचं चिन्ह उलटं पडलंय." या उलट्या चिन्हामागे काही पक्के गैरसमज असतात. तिला जे समजावून सांगितलं, तेच इथे सविस्तर मांडतो.

गणित असं होतं: १०० रुपये दर्शनी किमतीचा, दहा वर्षं मुदतीचा, वर्षाला ७ टक्के कूपन देणारा बाँड. यील्डही ७ टक्के, म्हणून आजची किंमत बरोबर १०० रुपये. मॉडिफाइड ड्युरेशन ७.०२४ आणि कॉन्व्हेक्सिटी ६४.९३. यील्ड एका टक्क्याने वाढलं, तर किंमत किती बदलेल?

सूत्र असं आहे:

ΔP/P ≈ −D × Δy + ½ × C × (Δy)²

तिने मात्र उणे चिन्ह कंसाबाहेर काढून दोन्ही पदांना लावलं होतं:

ΔP/P ≈ −(D × Δy + ½ × C × (Δy)²)

ड्युरेशनच्या पदातून ७.०२४ टक्क्यांची घट येते, कॉन्व्हेक्सिटीच्या पदातून ०.३२५ टक्का येतो. तिने दोन्ही वजा केले आणि ७.३५ टक्के घट काढली. बरोबर उत्तर आहे ६.७० टक्के घट.

गैरसमज: यील्ड वाढलं की किंमत पडते, म्हणून दोन्ही पदं उणेच हवीत.

वस्तुस्थिती: किंमत पडते हे खरं, पण ते सांगण्याचं काम एकट्या ड्युरेशनच्या पदाचं आहे. किंमत सरळ रेषेत पडत गेली असती तर किती पडली असती, एवढंच ते पद सांगतं. प्रत्यक्षात किंमत आणि यील्ड यांचा आलेख सरळ नसतो, वाकलेला असतो. त्यामुळे रेषेने सांगितलेला आकडा दुरुस्त करावा लागतो. ती दुरुस्ती म्हणजे कॉन्व्हेक्सिटीचं पद.

दुरुस्ती कोणत्या बाजूची, हे याच बाँडवर पाहता येतं. यील्ड ७ टक्के असताना ते एका टक्क्याने हललं, तर किंमत साधारण ७.०२ रुपयांच्या वेगाने हलते. यील्ड ८ टक्क्यांवर पोचेपर्यंत हा वेग ६.४१ रुपयांवर आलेला असतो, कारण दूरच्या वर्षांत मिळणाऱ्या पैशांचं आजचं मोल घटत जातं. म्हणजे पडण्याचा वेग वाटेतच मंदावतो. सुरुवातीचा वेग शेवटपर्यंत धरला, तर नुकसान जास्त दिसतं. ते जास्तीचं नुकसान परत द्यायचं, म्हणून दुसरं पद अधिक.

दहा वर्षांचे सगळे हप्ते ८ टक्क्यांनी वटवून खरी किंमत काढली, तर ती ९३.२९ रुपये येते. म्हणजे खरी घट ६.७१ रुपये. योग्य चिन्हाने काढलेली ६.७० ही घट तिच्या अगदी लगत आहे. नुसत्या ड्युरेशनची घट ७.०२ आहे. उलट्या चिन्हाची ७.३५ ही घट त्याहूनही लांब पडते. दुरुस्ती केल्यावर उत्तर सत्यापासून आणखी दूर जात असेल, तर चिन्ह चुकलं हे नक्की समजावं.

गैरसमज: यील्ड खाली आलं, की Δy उणे होतो, म्हणून कॉन्व्हेक्सिटीचं पदही उणे होतं.

वस्तुस्थिती: त्या पदात Δy चा वर्ग आहे. उणे ०.०१ चा वर्गही अधिक ०.०००१ च. यील्ड ६ टक्क्यांवर आलं, तर ड्युरेशनचं पद अधिक ७.०२४ आणि कॉन्व्हेक्सिटीचं पद अधिक ०.३२५, मिळून ७.३५ टक्के वाढ. खरी किंमत १०७.३६ रुपये येते. ड्युरेशनचं पद दिशेप्रमाणे चिन्ह बदलतं, कॉन्व्हेक्सिटीचं बदलत नाही.

गणित कळूनही इथे पाय घसरतो तो कॉम्प्युटरमुळे. पायथॉनमध्ये घात आधी काढला जातो आणि उणे चिन्ह नंतर लागतं:

```python
0.5 * 64.93 * -0.01**2     # -0.0032465
0.5 * 64.93 * (-0.01)**2   #  0.0032465
```

एक्सेलमध्ये याच्या उलट आहे. तिथे `=-0.01^2` लिहिलं तर उत्तर अधिक ०.०००१ येतं. एक्सेलमध्ये बरोबर चाललेलं सूत्र फक्त `^` च्या जागी `**` घालून पायथॉनमध्ये उतरवलं, की चिन्ह उलटतं आणि कुठलीही सूचना दिसत नाही. म्हणून उणे संख्येला कंस घालावा, किंवा Δy आधी वेगळ्या नावाने साठवून मग त्याचा वर्ग करावा.

गैरसमज: म्हणजे कॉन्व्हेक्सिटीचं पद कायम अधिकच असतं.

वस्तुस्थिती: सूत्रातलं चिन्ह कायम अधिक असतं, C मात्र उणे असू शकतो. आपल्या उदाहरणातला साधा बाँड मुदतीआधी फेडता येत नाही, म्हणून त्याचा C अधिक आहे. अमेरिकेतल्या गृहकर्जांवर आधारलेल्या रोख्यांचं तसं नाही. व्याजदर उतरले, की तिथले घरमालक जुनं कर्ज फेडून स्वस्त कर्ज घेतात. गुंतवणूकदाराचे पैसे लवकर परत येतात आणि रोख्याची किंमत हवी तेवढी चढत नाही. दर वाढले, की मुदतीआधी कर्ज फेडणारे कमी होतात, पैसे जास्त काळ अडकतात आणि किंमत अधिक वेगाने पडते. अशा रोख्याचा C उणे येतो आणि सूत्र न बदलता दुसरं पद दोन्ही दिशांना उणे होतं. चिन्ह C मध्ये येऊ द्यावं, सूत्रात हाताने घालू नये.

गैरसमज: चिन्ह बरोबर असलं, की उत्तर बरोबरच येणार.

वस्तुस्थिती: C कोणत्या मापात दिलाय हेही पाहावं लागतं. काही पुस्तकं ½ हा गुणक कॉन्व्हेक्सिटीतच धरतात. मग तो पुन्हा लावला, तर दुरुस्ती निम्मी होते. काही ठिकाणी कॉन्व्हेक्सिटी १०० ने भागून देतात. तिथे आपल्या बाँडसाठी ०.६५ दिसेल. तो आकडा तसाच घातला, तर पद जवळजवळ नाहीसं होतं.

आणि सगळं बरोबर असतानाही थोडी चूक उरते. आपल्या उदाहरणात ती दोन्ही बाजूंना १०० रुपयांमागे साधारण एका पैशाची आहे. ती पुढच्या, घनाच्या पदातून येते. घनाचं चिन्ह दिशेप्रमाणे बदलतं, म्हणून खरी घट अंदाजापेक्षा किंचित जास्त निघाली आणि खरी वाढही किंचित जास्त निघाली. यील्ड तीन-चार टक्क्यांनी हललं, तर ही उरलेली चूक झपाट्याने वाढते. तेव्हा अंदाजावर न थांबता हप्ते नव्याने वटवून किंमत काढावी.

तिच्या सूत्राने यील्ड एक टक्का खाली नेलं, तर ६.७० टक्के वाढ येते. म्हणजे तिच्या कागदावरचा बाँड ७.३५ टक्के पडतो आणि ६.७० टक्केच चढतो. साध्या बाँडचं वागणं नेमकं याच्या उलट असतं, तो पडतो कमी आणि चढतो जास्त. म्हणून गृहपाठात एकाच दिशेचं उत्तर मागितलेलं असलं, तरी दोन्ही दिशांची उत्तरं काढून शेजारी ठेवा. साध्या बाँडची घट वाढीपेक्षा मोठी दिसली, तर वही देण्याआधी दुसऱ्या पदाचं चिन्ह तपासा.