‘तुम्हाला काही विचारायचंय?’

मगरपट्ट्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत असो की हडपसर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, इंटर्नशिपची मुलाखत बहुधा याच प्रश्नावर संपते. तेव्हा ‘नाही सर’ म्हणून उठू नका.

सर्वांत उपयोगी प्रश्न: ‘आधीच्या इंटर्नने काय काम केलं आणि ते आज वापरात आहे का?’ उत्तरात एखादं ठोस काम आलं, समजा तपासणीच्या नोंदींचा तक्ता किंवा ॲपमधला एखादा स्क्रीन, तर तिथे खरंच शिकायला मिळतं. ‘सगळंच करावं लागतं’ एवढंच ऐकू आलं, तर लगेच पुढचं विचारा: ‘माझं काम रोज कोण तपासेल?’ नाव किंवा हुद्दा सांगता आला नाही, तर मार्गदर्शक अजून ठरलेला नाही, असं समजा.

‘तुमची कंपनी काय करते?’ हे मात्र टाळाच. ते वेबसाइटवर असतं. सुट्ट्यांची चौकशी निवडीनंतर करावी. कॉलेजच्या परीक्षेच्या तारखा मात्र मुलाखतीतच सांगा. स्टायपेंड विचारण्यात गैर काही नाही, पण तो एचआरला विचारा. तांत्रिक प्रश्न विचारणाऱ्याला सहसा आकडा माहीत नसतो. ‘नोकरी मिळेल ना?’ऐवजी ‘कायम घेण्याचा निर्णय कधी आणि कशावरून होतो?’ असं विचारा.