कुई नेमकी कुठून येते?

कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कराओके होतं. प्लगचा बोर्ड मागच्या भिंतीला, म्हणून ट्रॉली स्पीकरही तिथेच ठेवलेला. गाणारा त्याच्यापुढे, लोकांकडे तोंड करून उभा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी माइक छातीशी धरून हळू आवाजात सुरुवात केली. मागून कुणी तरी म्हणालं, ‘ऐकू येत नाही!’ माइकचा आवाज वाढवला आणि कानात सुई जावी तशी कुई सुरू झाली. काकूंनी दचकून माइकच्या जाळीवर हात दाबला, तर ती आणखीच वाढली.

झालं होतं ते असं. स्पीकरमधून आलेला आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो आणि पुन्हा माइकमध्ये जातो. प्रत्येक फेरीला तो थोडा विरत असेल तर आपल्याला काही कळत नाही. विरला नाही, तर क्षणात शेकडो फेऱ्या होऊन एकच सूर किंचाळायला लागतो.

काकूंच्या हातानं कुई वाढली, त्यालाही कारण आहे. गाण्याचे बहुतेक माइक पुढचा आवाज जास्त घेतात आणि पाठीमागचा टाळतात. हे जमतं ते जाळीखाली मागच्या बाजूला ठेवलेल्या फटींमुळे. जाळी मुठीत धरली की फटी बुजतात आणि माइक चहूबाजूंचं ऐकू लागतो.

आम्ही लांब एक्स्टेंशन बोर्ड आणला. स्पीकर काकूंच्या पुढे, एका बाजूला नेऊन त्याचं तोंड लोकांकडे केलं. आता माइकची शेपटी स्पीकरच्या पाठीकडे होती. मग त्यांना म्हटलं, ‘काकू, माइक ओठांपासून दोनच बोटं लांब धरा.’ वीस सेंटिमीटरवरचा माइक पाच सेंटिमीटरवर आला की त्यात गळ्याचा आवाज सुमारे चौपट जोरात पोहोचतो, स्पीकरचा मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे माइकचा व्हॉल्यूम बराच खाली आणता आला आणि तरी काकू शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आल्या. शेजारच्या खुर्चीवर चालू राहिलेला दुसरा माइकही बंद केला. न वापरता उघडा ठेवलेला माइक कुईला आणखी एक वाट देतो.

आता एको. त्याच्या आतही अशीच फेरी चालते, फक्त मुद्दाम घडवलेली. यंत्र आवाज क्षणभर साठवतं, थोडा कमी करून पुन्हा सोडतं, मग त्याहून कमी. म्हणजे एको ही लगाम घातलेली कुईच. एकोचं बटण फिरवलं की स्पीकरमधून माइकच्या आवाजाचा जास्त भाग बाहेर पडतो आणि तोही माइकमध्ये परततो. एको वाढवल्यावर माइक अचानक ओरडायला लागतो, तो यामुळेच.

म्हणून मी क्रम ठरवून ठेवला आहे. आधी एको शून्यावर, बास आणि ट्रेबल मधोमध. गाणाऱ्याच्या जागी उभं राहून बोलत बोलत माइकचा व्हॉल्यूम हळूहळू वाढवायचा. शब्द संपल्यावर त्याच्या शेवटाला बारीक झणझण लागली की थांबायचं आणि बटण थोडं मागे घ्यायचं. मग एको चढवायचा. पुन्हा झणझण आली तर आधी एको कमी करायचा. शिट्टीसारखी बारीक कुई असेल तर ट्रेबल उतरवून पाहावा, घुमणारा ‘हूंऽऽ’ असेल तर बास.

एको किती, हे शब्दांवरून कळतं. माइकवर ‘टाटा, काका’ म्हणून पाहा. दुसरं अक्षर पहिल्याच्या सावलीत बुडत असेल तर एको जास्त आहे. ओळ संपल्यावर दोन-तीनदा पडसाद येऊन पुढच्या ओळीआधी तो विरला पाहिजे. संथ गाण्याला थोडा जास्त चालतो, भरभर शब्दांच्या गाण्याला कमी हवा. निवेदनाला शून्य. फरशी आणि उघड्या भिंतींचा हॉल स्वतःच घुमतो, तिथे बटण चौथाई फिरवलं तरी पुरतं. माणसं भरल्यावर पुन्हा ऐकावं, कारण अंगावरचे कपडे आवाज शोषतात.

ब्लूटूथबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. त्यावरून फक्त ट्रॅक पाठवावा. ब्लूटूथने आवाज पोहोचायला अनेकदा सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग लागतो. ट्रॅकला त्याचा त्रास नाही, कारण गाणारा स्पीकर ऐकूनच गातो. पण मोबाइललाच माइक करून गळा ब्लूटूथने पाठवला, तर आपलाच शब्द इतक्या उशिरा कानी पडतो की ताल सुटतो, आणि लोक त्याला एको समजून एकोचं बटण शोधत बसतात. वायरलेस माइकचा रिसीव्हर वेगळा असतो. तो स्पीकरच्या माइकच्या भोकात लावला की गळा जवळजवळ लगेच पोहोचतो.

काकूंनी दुसरं गाणं निवडलं तेव्हा एको जरासा चढवला होता. कडव्यानंतर त्यांनी नेहमीच्या सवयीने माइक खाली सोडला. स्पीकर आता पुढे, पाठ करून होता. कुई आली नाही, फक्त त्यांच्या शेवटच्या सुराचे दोन पडसाद ऐकू आले.