गोठणारा समुद्र व तळाचें पाणी

समुद्राचें पाणी खारट. परंतु ध्रुवप्रदेशांतील जुनें समुद्री बर्फ वितळवून दर्यावर्दी लोक तें पिण्यास वापरीत, हें प्रवासवृत्तांतून वाचावयास मिळतें. मग त्यांतील मीठ गेलें कोठें?

बर्फाच्या स्फटिकांत पाण्याचे कण अशा शिस्तीनें बसतात कीं, मिठास तेथें जागाच उरत नाहीं. समुद्राचें पाणी उणें १.९ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास गोठूं लागतें. प्रथम सुईसारखे बारीक स्फटिक होतात. ते एकमेकांस चिकटले म्हणजे मधल्या फटींत तीव्र खारें पाणी अडकतें, व त्यांतील बरेंचसें पुढें खालीं झिरपतें. थोडा हिशेब करूं. एक टन समुद्रजलांत सुमारें ३५ किलो मीठ असतें. तें गोठल्यावर कोवळ्या बर्फांत अदमासें १० किलो राहतें. उरलेलें २५ किलो खालच्या पाण्यांत मिसळतें. तें पाणी आधींच थंडगार, त्यांत आतां अधिक खारें. म्हणून जड होऊन बुडतें.

पण येथें एक अडचण आहे. बर्फाचा थर जाड झाला कीं तोच पांघरुणाचें काम करतो, आणि गोठण्याची क्रिया मंदावते. शिवाय तेंच बर्फ उन्हाळ्यांत तेथेंच वितळलें, तर खारटपणा पूर्ववत् व्हावयाचा. तेव्हां बर्फ तयार होतांच दूर नेणारा कोणी तरी पाहिजे!

दक्षिण ध्रुवखंडाच्या रॉस समुद्रांत टेरा नोव्हा नांवाचा उपसागर आहे. तेथें हें काम वारा करतो. खंडाच्या उंच पठारावरून जड, थंड हवा वेगानें खालीं उतरते व नवें बर्फ समुद्राकडे लोटते. दक्षिणेकडून वाहत येणारें बर्फ ड्रायगाल्स्की नामक हिमजिव्हा अडवून धरते. त्यामुळें भर हिवाळ्यांतही तेथें उघडें पाणी राहतें. अशा जागेस ‘पोलिन्या’ म्हणतात. १९१२ सालीं स्कॉटच्या मोहिमेंतील सहा जणांस ह्याच किनाऱ्यावर बर्फांत खोदलेल्या गुहेंत हिवाळा काढावा लागला. त्यांस जो वारा असह्य झाला, तोच हा बर्फाचा कारखाना चालवितो.

येथील खारें, जड पाणी प्रथम उथळ समुद्रतळावर सांचतें. मग उताराच्या कडेवरून ओघळून, वाटेंत इतर पाण्याशीं मिसळत, हजारों मीटर खोल जातें आणि आपल्याबरोबर पृष्ठभागावरील प्राणवायु नेतें. अशाच इतर ठिकाणांच्या पाण्यासह तें तळाशीं पसरत उत्तरेकडे सरकतें. आपल्या अरबी समुद्राच्या तळाचें पाणी इतकें थंड कां, ह्याचें मूळ दक्षिणेकडून येणाऱ्या ह्याच मिश्र प्रवाहांत आहे.

मात्र जमिनीवरून समुद्रांत उतरलेलें हिम वितळून गोडें पाणी मिसळलें, तर हा प्रवाह हलका पडतो. रॉस समुद्रांतील ह्या जड पाण्याचा खारटपणा १९६० नंतरच्या दशकांत घटत गेल्याचें मोजमापांत आढळलें. शेजारच्या अमुंडसन समुद्राकडून येणारें हिमजल हें त्याचें मुख्य कारण मानतात. २०१४ नंतर कांहीं वर्षें तो पुनः वाढला. म्हणून तेथें समुद्राच्या तळाशीं नांगरलेल्या उपकरणांनीं पाण्याचा खारटपणा व उष्णमान वर्षभर नोंदवितात.