सिंधी अक्षराखालचे ठिपके

सिंधीच्या शाळेतल्या सरावपत्रिकेत होडीसारखी एकच रेघ पुन्हापुन्हा येते. अक्षर ठरतं ते ठिपक्यांवर. खाली एक ठिपका म्हणजे ब, तीन म्हणजे प, चार म्हणजे भ. एकाखाली एक दोन ठिपके आले, की सिंधीचा खास ॿ. तो उच्चारताना हवा किंचित आत ओढली जाते. अरबी-फारसीत हा ध्वनी नाही, म्हणून 1853 मध्ये प्रमाण ठरलेल्या 52 अक्षरी लिपीत त्याला वेगळं अक्षर मिळालं.

खरी अडचण झेरॉक्सची. दोन ठिपके चिकटून एकच दिसला, की ‘ॿारु’ म्हणजे मूल, याचं ‘बारु’ म्हणजे ओझं होतं, आणि दोन्ही शब्द खरे असल्यानं मुलाला चूक कळत नाही. माझ्या मते या पत्रिकेत अक्षरं मोठी हवीत आणि ठिपक्यांमध्ये स्पष्ट मोकळी जागा हवी.